मराठीत लाईन मारताना इंग्रजी नेमकं कुठे घालायचं

आधी किस्सा सांगते म्हणजे पुढचं कळेल. सांगलीत मैत्रिणीच्या लग्नात मी माझा चार्जर एका मुलाला दिला, नवरदेवाकडचा होता, आणि तो चार्जर घेऊन सरळ पुण्याला निघून गेला. तिसऱ्या दिवशी मेसेज, "नमस्कार, तुमचा चार्जर माझ्याकडे राहिला आहे. कुठे आणून देऊ?" मला वाटलं कुरियरवाला आहे. मी पण लिहिलं, "काही हरकत नाही, सावकाश द्या." म्हणजे दोघंही तिशीच्या आतले, ऑफिसात दिवसभर "अरे यार परत बिल्ड फाटली" करणारे, आणि चॅट उघडून बघाल तर ग्रामपंचायतीचा पत्रव्यवहार. तिथून "काय मग, माझी प्रॉपर्टी कधी परत करतोयस" इथपर्यंत यायला अकरा दिवस लागले, आणि त्या अकरा दिवसांत जे घडलं ना तेच खरं फ्लर्टिंग, बाकी सगळं नंतरचं.

तेव्हापासून रूममेट्स, त्यांच्या मैत्रिणी, ऑफिसातली पोरं, सगळे मला स्क्रीनशॉट पाठवतात की हे कसं वाटतंय बघ. शंभरातल्या नव्वद वेळा चूक मजकुरात नसते, भाषा चुकीच्या ठिकाणी बदललेली असते.

आधी तुम्हीचं काय ते बघा

इंग्रजीत "यू" म्हटलं की सुटलात. मराठीत पहिल्याच वाक्यात ठरवावं लागतं की समोरचा तू आहे की तुम्ही, आणि फ्लर्ट करताना नेमकं तेच ठरलेलं नसतं. तुम्ही म्हणत राहिलात तर काका वाटता, एकदम तू म्हटलंत तर समोरच्याच्या मनात येतं की हा कोण मला अरेतुरे करणारा. ज्या मुलांना हे जमत नाही ती घाबरून पूर्ण इंग्रजीत जातात, "हाय, हाऊ वॉज युअर डे", आणि तिथे सगळं सुरक्षित असतं पण वासच नसतो कशाला. असे मेसेज बँकेकडून पण येतात.

मधला रस्ता मराठीतच आहे आणि आपण तो रोज वापरतो, फक्त लक्षात येत नाही. "-यचं" वालं रूप घ्या. "कॉफी प्यायची का?", "कधी भेटायचं मग?", "परत तिकडेच जायचं का?" यात तू पण नाही, तुम्ही पण नाही, क्रियापदाला माणूस चिकटतच नाही. दुसरा मार्ग म्हणजे क्रियापदच गाळायचं. "काय मग, आज पण उशीर?", "उद्या सुट्टी ना?", "एवढ्या रात्री ऑनलाईन?" चार्जरवाल्याने चौथ्या दिवशी लिहिलं होतं, "एवढ्या पावसात ऑफिस? डेडिकेशन लेव्हल." मी तेव्हाच हसले, कारण मला कळलं की हा बाबा तुम्हीमधून बाहेर पडायला बघतोय पण दारात उभा आहे.

मग तूवर यायचं कसं? विचारायचं, पण अर्ज केल्यासारखं नाही. "मी तुम्हाला तू म्हणू शकतो का" असं कुणी लिहिलं की उत्तर हो येतं आणि मजा जाते. त्याच्यापेक्षा "हे तुम्ही-तुम्ही किती दिवस चालणारे, मला माझी मावशी आठवते" असं काहीतरी म्हणा, म्हणजे तिला "मग नको म्हणू" म्हणायला जागा मिळते. बॉल तिच्याकडे, आणि तिने तू केलं की तुम्ही लगेच तू करा, परत अडखळू नका. तिने नाहीच केलं तर अजून आठवडाभर "-यचं" वर काढा, काही बिघडत नाही.

गं आणि रे लवकर वापरू नका

तू मिळाला म्हणून गं मिळाला असं नसतं. "काय करतेस" आणि "काय करतेस गं" यात एक अख्खी ओळख असते. नव्या मुलाने तिसऱ्या मेसेजला "अगं ऐक ना" लिहिलं की मला तरी माझा मोठा चुलतभाऊ बोलतोय असं वाटतं, समजावणारा. रे चं तेवढं नाही, मुली कुणालाही अरे म्हणतात, त्यात काही शोधत बसू नका. पण वाक्याच्या शेवटी रे आला, "गप रे", "जा रे", "काहीही काय रे", तर तिथे थोडं थांबून वाचा, तिथे जरा ऊब असते. आणि "ना" हा सगळ्यात कामाचा शब्द आहे. "ये" म्हणजे हुकूम, "ये की" म्हणजे मित्र ओढतोय, "ये ना" म्हणजे आता लाडीगोडी सुरू झाली. इंग्रजीत यासाठी प्लीज आहे पण प्लीजला तो स्वर लागत नाही, प्लीज फार लवकर भीक मागायला लागतं.

आता खरी गोष्ट, वाक्याचं शेपूट

मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येतं आणि त्याच्याही मागे ना, की, हं, बरं का लटकतात. म्हणजे आपल्याकडे सूर वाक्याच्या शेवटी ठरतो. मधे कितीही इंग्रजी शब्द आले, "प्लॅन कॅन्सल झाला", "मीटिंग लांबली", ते कुणाला इंग्रजी वाटतच नाहीत, मराठीच झालेत ते. पण शेवटी अख्खा इंग्रजी तुकडा आला की कान टवकारतात.

एकच कौतुक चार प्रकारे लिहून दाखवते, सगळे मला किंवा माझ्या रूममेटला आलेले आहेत. "काल तू खूप सुंदर दिसत होतीस." काही चूक नाही, पण हे मालिकेतला नवरा बोलतो, आणि उत्तरात "थँक्यू" सोडून काही लिहिता येत नाही. "यू लुक्ड ब्यूटिफुल यस्टरडे." हे अजून चार जणींना गेलं असेल असं वाटतं. "काल सॉलिड दिसत होतीस." हे चांगलं आहे, दोस्तीतलं, यात धोका कमी आणि म्हणून पुढे सरकत पण कमी. आणि चौथा, "काल ती निळी साडी, म्हणजे, आय वॉज नॉट रेडी."

चौथा का चालतो बघा. मराठीत एक खरी वस्तू दाखवली, निळी साडी, म्हणजे माणसाने खरंच बघितलंय. मग "म्हणजे" वर अडखळला, आणि कबुली इंग्रजीत तोंडातून निसटल्यासारखी आली. इंग्रजी इथे कुजबुजीचं काम करते. तीच कबुली मराठीत, "माझी तयारी नव्हती", लिहून बघा, एकदम परीक्षेला बसल्यासारखं वाटतं. म्हणून माझा साधा नियम आहे, जे बघितलं ते मराठीत, जे वाटलं ते इंग्रजीत, निदान पहिले दोन-तीन आठवडे तरी. वाटलेलं मराठीत लिहिलं की ते वजनदार होतं आणि समोरच्याला ते उचलावं लागतं.

उलटं करायचं असेल तर ते चिडवायला वापरा. सुरुवात इंग्रजीत गुळगुळीत आणि शेपूट मराठीत खरखरीत, "यू आर व्हेरी टॅलेंटेड अँड ऑल, पण भाव फार खातेस." इंग्रजी फुगा फुगवते, मराठी टाचणी लावते. चिडवणं हे मराठीचं घरचं मैदान आहे, तिथे इंग्रजी घेऊन जाऊ नका. "यू आर सो मीन" याला काही धार नाही, "टोमणे मारायचा क्लास लावलायस का" याला आहे. यात अजून एक गंमत म्हणजे तू मिळाल्यावर तुम्ही मुद्दाम परत आणायचं. "अहो मॅडम, आज दर्शन?", "साहेब आज लवकर उगवले." खऱ्या तुम्हीत अंतर असतं, या खोट्या तुम्हीत उलट जवळीक असते. आणि मुलीने मुलाला नुसतं "अहो" लिहिलं तर बायका नवऱ्याला मारतात ती हाक आहे ती, तो दिवसभर फोन उलटा ठेवून हसत बसतो, मी करून बघितलंय. रोज करू नका, त्याची किंमत जाते.

उखाण्याचं पण तसंच. लग्न, हळदीकुंकू यातला प्रकार आहे, म्हणून चॅटवर टाकला की अर्धा विनोद आणि अर्धा इशारा होतो. मी लिहिला होता तो असा, "पावसाळी दुपारी गाडी पडली बंद, रिकामी जागा रावांना रिप्लाय उशिरा द्यायचा छंद." नाव टाकलं नाही, रिकामी जागाच लिहिली. त्याने तासाभराने विचारलं, "ही जागा भरायची लास्ट डेट काय आहे?" हे मात्र त्याला मानलं.

कुठला शब्द किती जड

हॉट, सेक्सी हे इंग्रजीत आहेत म्हणून सौम्य वाटतात असं पोरांना वाटतं. वाटत नाहीत. उलट आपल्याकडे अंगाबद्दलचे मराठी शब्द एकतर डॉक्टरकडचे नाहीतर शिवीतले, म्हणून लोक तिथे इंग्रजीत पळतात आणि समोरच्या मुलीला ते पळणं दिसतं. ओळख नवीन असताना अंगाबद्दल कुठल्याच भाषेत नको. क्यूट चालतं पण त्याने काही होत नाही, कुत्र्याच्या पिल्लाला पण क्यूटच म्हणतात. "गोड आहेस" हे क्यूटचं भाषांतर दिसतं पण ते नाही, गोडमध्ये आजी शिरते किंवा खरोखरची माया शिरते, आणि कुठली ते सांगता येत नाही. सखे, प्रिये, राया हे गंमत म्हणूनच, सरळ चेहऱ्याने लिहाल तर ब्लॉक व्हाल.

मिस यूचा घोळ सगळ्यात जास्त होतो. कॉलेज ग्रुपवर सगळे सगळ्यांना मिस यू करत असतात, त्याला वजन उरलेलं नाही. "तुझी आठवण येते" याला इतकं वजन आहे की माणूस परदेशात गेलाय किंवा गेलाच आहे असं वाटतं. यांच्या मधे एक छान पायरी आहे, "आज भडंग खाताना तू आठवलास." येते मध्ये रोजचं रडगाणं आहे, आठवलास मध्ये एकदाच, एका कारणाने, झालं गेलं. हलकं आहे पण इंग्रजीसारखं पोकळ नाही. माझ्याकडून पहिल्यांदा भावनेचं काही मराठीत गेलं असेल तर हेच.

आणि मोठं वाक्य. "माझं तुझ्यावर प्रेम आहे" बोलून बघा आरशासमोर, पडदा पडतो आणि टाळ्या येतात. "आय लव्ह यू" म्हणायला सोपं कारण ते आपल्या आईबापांनी एकमेकांना म्हटलेलं आपण कधी ऐकलेलं नाही, बहुतेक घरांत तरी, त्याला घरातला इतिहास नाही. पण "आवडणं" आहे ना आपल्याकडे, आणि त्यात शब्दांची जागा फिरवली की सूर फिरतो. "मला तू आवडतेस" हे निवेदन आहे. "तू आवडतेस मला" हे जरा सैल, बोलल्यासारखं. "आवडतेस तू मला, काय करू" हे हरलेल्या माणसाचं आहे, आणि तिघांत सगळ्यात भारी तेच लागतं. इंग्रजीत शब्द असे सरकवता येत नाहीत, तिथे आवाज बदलावा लागतो, आणि टाईप करताना आवाज कुठून आणणार.

भेटायचं विचारताना

डेट हा शब्द वापरायचा की नाही यावर आमच्या फ्लॅटवर भांडणं झालीत. माझं मत, पहिल्यांदा वापरू नका, पण लपवू पण नका. "एकदा भेटूया कधीतरी" हे मराठीतलं सगळ्यात फसवं वाक्य आहे, पाहुण्यांना निरोप देताना म्हणतो आपण ते. दिवस, वेळ, जागा मराठीत पक्की सांगा आणि हेतू इंग्रजीत हळूच ठेवा. मला आलेला मेसेज तसाच देते, "शनिवारी सकाळी साडेनऊला गुडलकला बन मस्का खायचा का? चार्जर आणतो. चार्जर इज जस्ट ॲन एक्स्क्यूज बाय द वे."

यात "-यचा का" आहे म्हणजे नाही म्हणणं सोपं आहे. सकाळची वेळ आहे, डेक्कनवरची गर्दीची जागा आहे, म्हणजे मुलीला घरी काही रचून सांगावं लागत नाही. आणि शेवटच्या तुकड्याने उगाच भ्रम ठेवला नाही. मी लिहिलं, "साडेनऊला शनिवारी मी माणसात नसते. अकरा." याला होकार म्हणतात. वेळ बदलून मागणं, जागा बदलून मागणं, हा होकार असतो.

त्याच मेसेजात त्याने "आपण" वापरलं नव्हतं, मी नंतर बघितलं. आम्ही आणि आपण हा फरक इंग्रजीत नाहीच, तिकडे सगळे वी. मराठीत ज्या दिवशी समोरचा "पुढच्या वेळी आपण वैशालीला जाऊ" म्हणतो त्या दिवशी त्याने दोघांचा एक गट करून टाकलेला असतो, तुम्हाला न विचारता. गुडलकहून निघताना त्याने ते म्हटलं. मी ऐकलं नाही असं दाखवलं.

नाही कसं ओळखायचं

हे नीट वाचा, विशेषतः पोरांनी. मराठीत नाही क्वचितच नाही म्हणून येतं. "बघू", "बघते", "कळवते", "या आठवड्यात जरा गडबड आहे" हे आले आणि पुढचा दिवस तिने स्वतः सुचवला नाही तर ते नाही आहे. दोनदा आलं तर नक्की नाही आहे. "हो ना", "हम्म", "चालेल" ही तिन्ही झोपेतली उत्तरं आहेत.

पण सगळ्यात स्पष्ट खूण म्हणजे भाषा बदलणं. आत्तापर्यंत "अरे काहीही काय" करणारी मुलगी अचानक पूर्ण इंग्रजीत, स्पेलिंग बरोबर, शेवटी पूर्णविराम देऊन लिहायला लागली, "हे, आय हॅव बीन अ बिट बिझी, होप यू अंडरस्टँड", तर दार बंद झालं. जी इंग्रजी आधी कुजबुजत होती तीच आता रिसेप्शनवर जाऊन बसली. दुसरी खूण, तू चं परत तुम्ही झालं आणि त्यात चेष्टा नाही. तिसरी खूण सांगायची गरज नाही, "दादा" आलं की घरी जा.

आणि "नको ना" याबद्दल. ना लाडाचा आहे असं मीच वर लिहिलंय, म्हणून काही शहाणे म्हणतात की "नको ना" म्हणजे आतून हो. नाही. ना तुमच्यासाठी मऊ केलेला असतो, नको तसाच्या तसा कडक असतो. एकदा विचारा, "खरंच नको ना? मग विषय बंद," आणि खरंच बंद करा. मुलीने स्पष्ट नको सांगितल्यावरही मेसेज करत राहणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये पाठलागाचा गुन्हा आहे, चॅट आणि ईमेल दोन्ही त्यात येतात, हे माहीत असलेलं बरं.

गावचा सूर उसना घेऊ नका

एवढं एक राहिलं. मी कोल्हापूरकडची, आमच्याकडे बायका पण "मी आलो, मी गेलो" म्हणतात, इथे लेखात मी "सांगते" लिहितेय ते पुण्यात राहून लागलेलं वळण आहे, आईशी बोलताना "सांगतो"च निघतं. गुडलकच्या दिवशी घरी पोचल्यावर मी घाईत त्याला लिहिलं, "पोचलो." तिकडून पाच मिनिटं काहीच नाही, मग, "हॅलो, हा फोन तिच्या भावाकडे आहे का?" मी रिक्षात बसल्यासारखी हादरून हसत होते. नंतर त्याला कळलं तेव्हा तो उत्साहात येऊन मला लय भारी, नाद खुळा, विषय हार्ड असं सगळं एका मेसेजात कोंबून पाठवायला लागला, आणि तो सदाशिव पेठेतला, त्याच्या तोंडी ते दुसऱ्याचे बूट घातल्यासारखं दिसायचं. नागपूरच्या मुलीला "काय करून राहिली बे" म्हणून इम्प्रेस करणाऱ्यांचं पण हेच होतं. तिची बोली तिला बोलू द्या, तुम्ही तुमच्या सुरात उत्तर द्या. त्याला मी तसं सांगितल्यावर त्याने सोडून दिलं, आणि आता तो शुद्ध पुणेरी "पोचलीस का?" विचारतो आणि मी "पोचलो" लिहिते. चार्जर अजून त्याच्याकडेच आहे.